त्रेसष्टावी ओवी, श्वासासकट

माझ्या दिरांना घरात सगळे कात्री म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि ते त्याला ओ देतात. मी मात्र भाऊजीच म्हणते, कारण मी या घरात आले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि चौदा वर्षांच्या मुलाला भाऊजी म्हणताना मला जे हसू यायचं, ते चाळीस वर्षांनंतरही अजून थोडं शिल्लक आहे.

त्यांचा धंदा सांगितला की लोक आधी नीट कळलं नाही असा चेहरा करतात. ते लोकांचे आवाज साफ करतात. कुणी व्याख्यान दिलं, कुणी अंधांसाठी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित केलं, कुठल्या कार्यालयात फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी बाई असते, असलं सगळं त्यांच्याकडे येतं. मग ते त्यातलं खाकरणं काढतात, खुर्चीचं करकरणं काढतात, अडखळणं काढतात, आणि श्वास काढतात. श्वासावर त्यांचा विशेष राग. बोलणारा माणूस मधे श्वास घेतो हे ऐकणाऱ्याला कळताच कामा नये, असं त्यांचं तत्त्व. सुरुवातीला एका स्टुडिओत होते, तिथे खरोखरची टेप ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडायचे. म्हणून कात्री. तो स्टुडिओ बंद पडल्यावर त्यांनी आमच्या माडीवरची खोली घेतली. भिंतींना जुन्या गोधड्या आणि दोन गाद्या ठोकल्या, एक कॉम्प्युटर ठेवला, कानाला हेडफोन लावले आणि दार लावून बसले ते बसलेच. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "वहिनी, घरात तुम्ही बोलता तेवढं पुरतं."

जेवताना हा माणूस सोबत असणं म्हणजे परीक्षाच. मी काहीतरी पोटतिडकीने सांगत असते आणि हे शांतपणे म्हणतात, "आत्तापर्यंत 'मी म्हणते' अकरा वेळा झालं." मी नर्स होते, एकतीस वर्षं छातीच्या वॉर्डात काढली आहेत, मोठमोठ्या डॉक्टरांना गप्प केलंय. पण या माणसापुढे फार तर वाढपाचा चमचा जरा जोरात ठेवते.

आता बिट्टीकडे येते, कारण सगळं तिच्यामुळे घडलं.

बिट्टी माझी नात, मुलाची मुलगी. आठ वर्षांची. तिची जीभ अडखळते. पहिलंच अक्षर ओठांवर अडकून बसतं आणि ती बिचारी त्याला ढकलत राहते. वर्गात पोरं हसली तेव्हापासून तिने वर्गात बोलणंच सोडून दिलं. हजेरीला नुसता हात वर करते. घरी आमच्याशी बोलते, पण मोजून. वाणीचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी सांगितलं होतं की अशी मुलं गाताना सहसा अडखळत नाहीत, तर तिथून सुरुवात करा. आणि खरंच, बिट्टी गुणगुणते तेव्हा एक अक्षर अडत नाही.

आमच्या गल्लीत प्रार्थनामंडळ आहे. वर्षातून एकदा तिथे मुलं एकशे आठ ओव्या म्हणतात, एकेकाने एकेक, ओळीने. मंडळाच्या बाई यादी करत होत्या. त्रेसष्टाव्या ओवीला आल्या, आणि आमच्या बिट्टीने हात वर केला. हजेरीचा नव्हे, स्वतःहून. मी शेजारीच बसले होते, मला आधी वाटलं तिला पाणी हवंय. ओवी अशी होती:

उघडे ठेवी तुझे दार,
वाटेत झाला अंधार,
मी चालतो हळू फार,
थांब जरा.

घरी येताना मी विचारलं, हीच का गं? तर म्हणाली, "त्यात ह-हळू चालणारा माणूस आहे."

त्या रात्री माझी सून पोळ्या करता करता रडली. आनंदानेच. म्हणाली, "आई, हिने हे म्हटलं ना, तर ही शाळेत बोलेल. मला आतून वाटतंय." मला तसंच वाटत होतं. आणि उलट झालं तर, म्हणजे चारशे माणसांपुढे ती अडकली तर, काय होईल हेही आम्हा दोघींना ठाऊक होतं.

ओव्या सगळ्यांनी एकाच चालीवर म्हणायच्या, आणि ती चाल म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांनी एकशे आठच्या एकशे आठ ओव्या म्हटलेलं ध्वनिमुद्रण मंडळात अकरा वर्षं वाजतंय. भाऊजींनीच ते माडीवरच्या खोलीत केलं. साथीला काही नाही, टाळ नाही, ठेका नाही, नुसता त्यांचा आवाज. चौपन्न मिनिटांचं आहे. सासूबाई त्यानंतर आठ महिन्यांनी गेल्या. बिट्टीने पणजीला पाहिलेलं नाही, पण आवाज पाठ आहे.

सराव तिला एकटीलाच करायचा असतो. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. आम्ही कुणी डोकावलं की गप्प. म्हणून तिला फोन दिला. पण चौपन्न मिनिटांच्या त्या पट्टीवर बोटाने सरकवत त्रेसष्टावी ओवी शोधायची म्हणजे काय? बोट केसभर हललं की एकोणसाठावी, जरा मागे आणलं की पंचावन्नावी. ओवी सापडली, म्हणून झाली, की पुन्हा शोधाशोध. अर्ध्या तासात पोरगी ती ओवी तीनदा म्हणायची आणि सतरा वेळा रडवेली व्हायची. शेवटी मी माडीवर गेले आणि म्हटलं, "भाऊजी, कात्री काढा. एवढी एकच ओवी कापून द्या तिला."

भाऊजी खूश झाले. कधी नव्हे ते मला शेजारी बसायला खुर्ची दिली. पडद्यावर सासूबाईंचा आवाज दिसत होता, आडव्या रेघेवर दोन्ही बाजूंनी उगवलेल्या गवतासारखा. ते म्हणाले, चौपन्न मिनिटांत एकशे आठ, म्हणजे ओवीला अर्धं मिनिट, म्हणजे त्रेसष्टावी एकतीस मिनिटांवर. लावून पाहिलं तर अठ्ठावन्नावी निघाली. "आईने सुरुवात सावकाश केली आणि नंतर वेग घेतला," असं पुटपुटत ते पुढे पुढे गेले आणि तेहेतीस मिनिटांच्या थोडं पुढे 'उघडे' सापडलं. मग त्यांनी ते चित्र मोठं करत नेलं, इतकं की गवताची पाती जाऊन एकच वळणावळणाची रेघ उरली. "ही रेघ जिथे मधल्या आडव्या रेघेला ओलांडते तिथेच कापायचं," म्हणाले. "नाहीतर सुरुवातीला टक्कन आवाज येतो."

बासष्टाव्या ओवीचा शेवट आणि त्रेसष्टावीची सुरुवात यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवायलाही जागा नव्हती. मी ते बोलले तर त्यांची छाती फुगली. म्हणाले, "आठ दिवस बसलो होतो मी. कुठे सांधा दिसतोय का बघा."

सांधा दिसत नव्हता. सव्वीस सेकंदांची ओवी निघाली. त्यांनी ती बिट्टीच्या फोनवर टाकली आणि संपली की आपोआप पुन्हा सुरू होईल असं करून दिलं. बिट्टी उडी मारत खाली गेली. मला वाटलं, झालं काम, सुटलो.

कसलं सुटलो. चौथ्या दिवसापासून आतल्या खोलीतून खोकल्याचे आवाज यायला लागले. ओवी सुरू व्हायची छान, दुसऱ्या ओळीपर्यंत गोड चालायची, आणि तिसऱ्या ओळीत 'हळू'पाशी आवाज चिरकायचा, मग ठसका, आणि ठसक्यानंतर तेच जुनं, ह-ह-ह. गाण्यात. जिथे ती कधी अडखळली नव्हती, तिथे. एकदा तर लालबुंद होऊन बाहेर आली आणि फोन गादीवर भिरकावून दिला.

सरावाच्या दिवशी मंडळाच्या बाईंनीही ते पाहिलं. बिट्टी तिसऱ्या ओळीत थांबली ती थांबलीच. बाई चांगल्या आहेत, त्या नंतर सुनेला हळूच म्हणाल्या, "तिला त्रास होत असेल तर ओवी दुसऱ्या कुणाला देऊ. तिने पुढच्या वर्षी म्हणावी." सुनेने घरी येऊन मला तेच सांगितलं आणि वर म्हणाली, "आई, मीच उगीच आशा धरली. नाव काढून घेऊ या." बिट्टी दारात उभी होती. ऐकलं तिने. आणि नुसता हात वर केला, हजेरीला करते तसा, आणि खाली घेतला.

कार्यक्रमाला सहा दिवस राहिले होते.

मी सुनेला म्हटलं, एक दिवस दे. दुसऱ्या दिवशी दुपारी बिट्टीला म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करून बसते, तू माझ्याकडे पाठ कर, पण मला खोलीत बसू दे. तिला हे पटलं. आता माझ्या समोर भिंतीवर आरसा होता हे मी तिला सांगितलं नाही. आजी आहे, संत नाही.

आरशात तिची पाठ दिसत होती. फोन सुरू झाला, ती म्हणायला लागली, आणि माझे डोळे सवयीने तिच्या खांद्यांवर गेले. एकतीस वर्षं मी माणसांचे श्वास मोजलेत. मिनिटाला किती, खोल की उथळ, खांदे उचलतायत का. बिट्टीचे खांदे सुरुवातीला एकदा वर गेले. मग हललेच नाहीत. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, मान ताठ, कान लाल, आणि मग ठसका.

"बिट्टे," मी म्हटलं, "मधे श्वास का घेत नाहीस गं?"

ती वळली. तिला वाटलं मी चेष्टा करते. म्हणाली, "प-पणजी कुठे घेते?"

मी फोन कानाला लावला. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते ध्वनिमुद्रण ऐकलं, म्हणजे खऱ्या अर्थाने ऐकलं. पहिल्या ओळीच्या शेपटीला दुसरी, दुसरीला तिसरी, आणि शेवटच्या 'जरा'वर लगेच पुन्हा 'उघडे'. माझ्या सासूबाई, ज्यांना जिन्याच्या चार पायऱ्या चढून थांबावं लागायचं, त्या सव्वीस सेकंद एकदाही श्वास न घेता गात होत्या. आणि फोन बंद करेपर्यंत घेणार नव्हत्या.

मग कळेना की हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. मंडळात शंभर माणसं त्या आवाजाबरोबर म्हणतात. मी स्वतः रोज भाजी चिरताना म्हणते. आणि तिथेच उत्तर होतं. सगळे मिळून म्हणतो तेव्हा जो तो मधेच एखादं अक्षर सोडून गुपचूप श्वास घेतो, बाकीचे ओढून नेतात, कुणाला पत्ता लागत नाही. बिट्टी एकटी म्हणत होती. आणि पणजी करते तस्संच करायचं म्हणून जीव तोडून करत होती. एकही अक्षर सोडत नव्हती.

मी तरातरा माडीवर गेले. दार न वाजवता. हेडफोन कानावरून काढले त्यांच्या.

"भाऊजी, सासूबाईंचे श्वास कुठे आहेत?"

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि चेहरा उतरला. मी सगळं सांगितलं, खांद्यांचं, ठसक्याचं, नाव काढून घ्यायचं. माझ्या जिभेला त्या दिवशी हाड नव्हतं. मी म्हटलं, "जगाचे श्वास काढा तुम्ही, पण पोरगी गुदमरतेय तिकडे. तुम्हाला वाटलं सफाई केली. माणूस श्वासाशिवाय गातो का?"

एरवी त्यांनी माझे 'मी म्हणते' मोजले असते. त्या दिवशी हेडफोनची वायर गुंडाळत बसले.

"कच्चं ध्वनिमुद्रण असेल ना?" मी जरा खालच्या आवाजात विचारलं. "तुम्ही काही टाकून देत नाही."

"आहे."

"मग त्यातली कापून द्या."

"वहिनी, ते मला ऐकवत नाही."

मग जे त्यांनी अकरा वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्या दिवशी चाळीस ओव्या झाल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, आज पुरे करू या. आणि हे म्हणाले होते, आई, सूर लागलाय, आता थांबलो तर उद्या तसा लागायचा नाही, अजून थोड्या म्हण. त्यांनी म्हटल्या. एकाच दुपारी एकशे आठ. दुसऱ्या दिवशी त्या उठल्याच नाहीत अंथरुणातून, दोन दिवस. "मी तिला दमवलं," भाऊजी म्हणाले. "माझ्या कामापायी. नंतर साफ करायला बसलो तर प्रत्येक ओळीनंतर तिची धाप ऐकू यायची. ती मी काढली. सगळी काढली. लोक म्हणायचे, आईंचा आवाज किती अखंड आहे, तर बरं वाटायचं. ती फाइल मी पुन्हा उघडली नाही."

मी त्या दोन दिवसांत सासूबाईंची शुश्रूषा केली होती. त्यांची फुप्फुसं कशी होती ते मला माहीत होतं, त्यांनी ओव्या म्हटल्या नसत्या तरी ते दिवस तसेच गेले असते. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "क-कात्री आजोबा, लावा ना." बिट्टी जिन्यातून वर आली होती. किती वेळ उभी होती देव जाणे.

तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. कच्ची फाइल सव्वा तासाची होती. त्यांनी हेडफोन लावले नाहीत, स्पीकरवर सोडली. या वेळी हिशेब करत बसले नाहीत, अंदाजाने पन्नास मिनिटांच्या आसपास लावली, आणि खोलीत सासूबाई आल्या. श्वासातली ती शीळ, ती धाप. मला वॉर्डात झोपेतही ओळखू आला असता असा तो श्वास. भाऊजी खिडकीकडे बघत होते. बिट्टी मात्र पडद्याला नाक लावून उभी होती.

बासष्टावी ओवी संपली. मग नुसता श्वास, बराच वेळ. मग भांड्याचा आवाज, पाणी पिण्याचा. आणि मग एक बाप्याचा आवाज, तरुणसा, मऊ:

"सावकाश, आई. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय."

आणि सासूबाई हसल्या. त्यांचं ते खोकल्यासकट हसणं. मग दोन मोठे श्वास, आणि 'उघडे ठेवी तुझे दार.' श्वास. 'वाटेत झाला अंधार.' श्वास. 'मी चालतो हळू फार.' इथे मोठा श्वास, शिट्टी वाजवणारा. 'थांब जरा.'

भाऊजींनी फाइल थांबवली. त्यांचा हात माउसवरच राहिला.

"हे मी म्हणालो होतो?" ते म्हणाले.

"तुमच्याशिवाय कोण असणार खोलीत," मी म्हटलं.

"मला ते 'अजून थोड्या'च आठवत होतं." मग पुन्हा मागे नेऊन त्यांनी ते वाक्य लावलं. आणि आणखी एकदा. "हे मीच कापलं," म्हणाले. "आठ दिवसांत कधीतरी. आवाज नको म्हणून कापलं आणि विसरून गेलो."

डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि तो शोधण्यात पाच मिनिटं गेली, कारण तो बिट्टीने घातला होता.

मग ते कामाला लागले. या वेळी कात्री वेगळी चालली. बासष्टाव्या ओवीचं शेवटचं अर्धं चरण ठेवलं, म्हणजे आपली पाळी कधी आली ते कळेल. ओवीतल्या श्वासांना हात लावला नाही. शेवटी 'जरा'नंतर आठ-दहा सेकंदांची शांतता मुद्दाम जोडली, म्हणजे पुन्हा सुरू होण्याआधी पोरीला विसावा मिळेल. शीळ मात्र जरा खाली करू का, असं मला विचारलं. मी बिट्टीकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "मला कळतं, कुठे."

मग त्यांनी पाणी पिण्याचा आवाज आणि ते वाक्य पडद्यावर निवडलं, काढायला. सवयच ती.

"ते प-पण राहू दे," बिट्टी म्हणाली. "गाडीचं."

ते राहिलं.

पुढचे पाच दिवस आमच्या घरात दिवसभर आतल्या खोलीतून ऐकू यायचं: सावकाश, आई, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय. मग पणजी, मग बिट्टी. सुनेला ते इतकं पाठ झालं की बस चुकली तरी तेच म्हणायची. दुसऱ्या दिवशी ठसका गेला. तिसऱ्या दिवशी मी आरशातून पाहिलं, खांदे प्रत्येक ओळीला एकदा उचलले जात होते, अगदी शिस्तीत. चौथ्या दिवशी मी आरसा पाहणं बंद केलं. नाव काढून घ्यायचा विषय कुणी काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मुलं एका रांगेत, एकाने संपवलं की पुढच्याने सुरू करायचं. भाऊजी माझ्या शेजारी, हातात एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र. एक ओवी झाली, दहा झाल्या, पन्नास झाल्या. सुनेने माझा हात धरला होता आणि नखं रुतवत होती, पण मी ओरडले नाही. बासष्टावी ओवी एका दांडग्या मुलाने धाडधाड म्हणून टाकली आणि तो बसला.

बिट्टी उभी राहिली. आणि काही म्हणालीच नाही.

सभागृह शांत झालं. समोरच्या रांगेत एकाने मान वळवून बघितलं. मंडळाच्या बाई अर्ध्या उठल्या. एवढ्या माणसांत ते अक्षर ओठांवर अडकलं, झालं, असंच मला वाटलं.

पण भाऊजींनी माझ्या दंडाला धरलं. "वहिनी, ओठ बघा," ते कुजबुजले.

मी बघितलं. तिचे ओठ हलत होते. अडकलेल्या अक्षरासारखे नाही, अगदी सरळ, आवाज न करता. ती मनातल्या मनात म्हणत होती: सावकाश, आई. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय.

मग दोन मोठे श्वास घेतले, अख्ख्या सभागृहाला ऐकू जातील असे. आणि सुरू केलं.

'उघडे ठेवी तुझे दार.' श्वास. 'वाटेत झाला अंधार.' श्वास. तिसऱ्या ओळीनंतर ती थांबली, मोठा श्वास घेतला, आणि त्या श्वासालाही बारीक शीळ होती. फुप्फुसं ठणठणीत आहेत तिची, शीळ यायचं काही कारण नाही. पणजीकडून शिकली ती. 'थांब जरा.'

एक अक्षर अडलं नाही. ती बसली आणि चौसष्टावा मुलगा उभा राहिला, तोवर सुनेने माझा हात सोडला होता आणि पदराने तोंड झाकलं होतं. सोमवारी शाळेत हजेरीला बिट्टीने हात वर केला आणि वर 'ह-हजर'ही म्हणाली. पोरं हसली का, असं विचारलं तर म्हणाली, "एक हसला. म-मी थांबले त्याचं होईपर्यंत."

भाऊजींनी मंडळाला कच्ची फाइल द्यायचं ठरवलंय, पाणी पिण्यासकट. बाकी धंदा तोच चालू आहे, 'कृपया प्रतीक्षा करा'वाल्या बाईंचे श्वास अजून काढतात. पण बिट्टीची ओवी त्यांनी त्या दिवशी जशी मुद्रित झाली तशीच ठेवली आहे. सुरुवातीची शांतता आहे, दोन श्वास आहेत, समोरच्या रांगेतल्या खुर्चीचं करकरणं आहे, आणि शेवटी, अगदी स्पष्ट, माझं नाक ओढणं आहे. तेवढं तरी काढा म्हणून मी रोज मागे लागते. ते म्हणतात, "वहिनी, सावकाश. बघू."